पंप बंद होताच बोर्ड रिसेट होतो: मायक्रोकंट्रोलरभोवतीचे डीकपलिंग कपॅसिटर आणि रिसेट सर्किट

इंदूरात नर्मदेचं पाणी ठरलेल्या वेळीच येतं. त्यामुळे लोकमान्य नगरात काय किंवा रामबागेत काय, अनेक घरांत खाली हौद, गच्चीवर टाकी आणि दोन्हींच्या मध्ये पंप असतो. पाण्याची पातळी बघून हा पंप आपोआप चालू-बंद करणारं सर्किट घरीच बनवणारेही बरेच असतात. मांडणी साधारण ठरलेली: २८ पायांची एटीमेगा ३२८पी, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ७८०५ रेग्युलेटर आणि ५ व्होल्टचा छोटा रिले. हा रिले कॉन्टॅक्टरच्या २३० व्होल्टच्या कॉइलला वीज देतो आणि कॉन्टॅक्टर पंपाला.

टेबलावर रिलेच्या जागी एलईडी लावून बघितलं, की सगळं सुरळीत चालतं. खरा पंप जोडल्यावर मात्र एक ठरावीक तक्रार येते. पंप चालू होताना काही होत नाही, पण बंद होताना कॉन्टॅक्टर ‘खट्’ करून सुटतो आणि त्याच क्षणी बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. टायमर शून्यावर जातो, कधी बोर्ड नुसताच गोठतो. मग दोन-चार संध्याकाळी प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात जातात. दोष बहुतेक वेळा चिपच्या आजूबाजूच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये असतो, म्हणून हा लेख तेवढ्याच जागेबद्दल आहे.

आधी कारण चिपलाच विचारा

कपॅसिटर बदलायला घेण्यापूर्वी रिसेट कशामुळे झाला ते जाणून घ्या. एटीमेगामध्ये MCUSR नावाचं रजिस्टर असतं आणि त्यात शेवटच्या रिसेटचं कारण नोंदलेलं असतं. प्रोग्रॅम सुरू होताच ते वाचून बाजूला ठेवायचं आणि लगेच शून्य करायचं, नाहीतर जुन्या नोंदी नव्यांत मिसळतात.

```c
#include <avr/io.h>
#include <avr/wdt.h>
#include <stdint.h>

uint8_t karan __attribute__((section(".noinit")));

void karan_vacha(void)
  __attribute__((naked, used, section(".init3")));

void karan_vacha(void)
{
  karan = MCUSR;
  MCUSR = 0;
  wdt_disable();
}
```

नंतर `main()` मध्ये `karan` ची किंमत सिरियलवर पाठवा किंवा तितक्या वेळा एलईडी लुकलुकवा. चिपमध्ये बूटलोडर असेल तर तो आपल्या आधी चालतो आणि ही नोंद पुसून टाकू शकतो. म्हणून तपासणीपुरता तरी प्रोग्रॅम थेट आयएसपी प्रोग्रॅमरने भरावा.

किंमत २ आली तर EXTRF, म्हणजे रिसेट पिन खाली खेचली गेली. ४ आली तर BORF, म्हणजे ५ व्होल्टचा पुरवठा ठरवलेल्या पातळीखाली घसरला. ही नोंद ब्राउन-आउट डिटेक्टर, म्हणजे पुरवठा घसरताच चिपला रिसेट करणारं आतलं सर्किट, चालू असेल तरच होते. १ म्हणजे वीज पूर्ण जाऊन परत आली आणि ८ म्हणजे वॉचडॉगने रिसेट केलं. बोर्ड पुन्हा सुरू झाला आणि किंमत ० असेल, तर खरा रिसेट झालेलाच नाही: प्रोग्रॅम भरकटून शून्य पत्त्यावर येऊन पोहोचला. असं स्टॅक ओसंडल्यानेही होतं. पण ते फक्त कॉन्टॅक्टर सुटतानाच होत असेल, तर संशय डीकपलिंगवर, म्हणजे चिपच्या पुरवठ्याच्या पायांशी लावायच्या १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरवर घ्यावा. बोर्ड गोठत असेल तरीही तसंच समजावं.

१०० नॅनोफॅरड नेमकं काय करतो

चिपच्या आत क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला हजारो ट्रान्झिस्टर एकदम बदलतात आणि काही नॅनोसेकंदांपुरता जास्त प्रवाह ओढतात. समजा ५ नॅनोसेकंदांत प्रवाह ५० मिलिअँपिअरने वाढला. हा प्रवाह ७८०५ कडून यायचा तर वाटेतल्या ट्रॅकचं इंडक्टन्स आडवं येतं. ट्रॅकच्या दर मिलिमीटरला ढोबळ मानाने १ नॅनोहेन्री धरा. झिरो पीसीबीवर कपॅसिटर ३ सेंटिमीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन ६० मिलिमीटर म्हणजे ६० नॅनोहेन्री झाले. व्होल्टेजची घसरण इंडक्टन्स गुणिले प्रवाहाच्या बदलाचा वेग:

```
60 nH × 50 mA / 5 ns = 0.6 V
```

म्हणजे रेग्युलेटरजवळ पूर्ण ५ व्होल्ट असतानाही चिपच्या पायाशी त्या क्षणी ४.४ च उरतात. तोच कपॅसिटर पायाला खेटून बसवला आणि एकूण वाट ८ मिलिमीटर झाली, तर घसरण ०.०८ व्होल्ट होते. आता साठ्याचं बघू. ५० मिलिअँपिअर २० नॅनोसेकंद दिले तर १ नॅनोकूलोम विद्युतभार जातो, आणि तेवढ्याने १०० नॅनोफॅरडवरचं व्होल्टेज केवळ ०.०१ व्होल्टने उतरतं. साठा भरपूर आहे, अडचण वाटेच्या लांबीची आहे. म्हणून लांबच्या १०० नॅनोफॅरडच्या जागी १ मायक्रोफॅरड टाकून काही साधत नाही. कपॅसिटरचे पाय लांब ठेवले तर तेही त्याच वाटेत मोजले जातात, हे लक्षात असू द्या.

कॉन्टॅक्टर सुटतानाची गडबड याहून मोठी असते. रिलेचे पॉइंट उघडतात तेव्हा कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधली साठलेली ऊर्जा त्या फटीत पुन्हा पुन्हा ठिणगी पाडते. त्यातून अतिशय वेगवान धक्क्यांची माळ निघते आणि ती जवळच्या वायरींत हवेतूनही शिरते. वाट लांब असलेला कपॅसिटर असे धक्के शोषू शकत नाही.

२८ पायांच्या चिपवर कपॅसिटर कुठे बसवायचे

या चिपमध्ये पुरवठ्याच्या दोन जोड्या आहेत. एका बाजूला ७ नंबर व्हीसीसी आणि ८ नंबर ग्राउंड असे शेजारी-शेजारी. समोरच्या बाजूला २० नंबर एव्हीसीसी, २१ नंबर ए-रेफ आणि २२ नंबर ग्राउंड.

पहिला १०० नॅनोफॅरड ७ आणि ८ वर आडवा टाका. झिरो पीसीबीवर तो सॉकेटच्या खाली, सोल्डरच्या बाजूने दोन्ही पायांवर थेट जोडता येतो, आणि यापेक्षा चांगली जागा मिळत नाही. पुरवठ्याचा क्रम पाळा: रेग्युलेटरकडून येणारी वायर आधी कपॅसिटरच्या टोकाला आणि तिथून चिपच्या पायाला. उलट केलं, म्हणजे वायर आधी पायाला जोडली आणि कपॅसिटर पुढे शेपटीसारखा लटकवला, तर त्या शेपटीची लांबी वाया जाते.

दुसरा १०० नॅनोफॅरड २० आणि २२ वर. मध्ये २१ नंबर येतो, तो चुकून जोडला जाऊ नये. ए-रेफवर स्वतंत्र १०० नॅनोफॅरड ग्राउंडला द्या आणि त्याला बाहेरून ५ व्होल्ट जोडू नका. प्रोग्रॅमने आतला रेफरन्स निवडला, तर तो आणि बाहेरचे ५ व्होल्ट एकमेकांवर आदळतात.

२० नंबर पाय मोकळा सोडणं ही हौशी बोर्डांवरची नेहमीची चूक आहे. ‘एडीसी वापरत नाही, मग कशाला?’ असं वाटतं. पण पोर्ट सीचे पहिले चार पायही याच पुरवठ्यावर चालतात, आणि एव्हीसीसी हा व्हीसीसीपासून ०.३ व्होल्टपेक्षा जास्त वेगळा असू नये अशी अट आहे. पाण्याची पातळी एडीसीने मोजत असाल, तर ५ व्होल्ट १० मायक्रोहेन्रीच्या छोट्या इंडक्टरमधून एव्हीसीसीला द्या. नसाल, तर व्हीसीसीशी सरळ जोडा. १०० नॅनोफॅरड दोन्ही वेळा हवाच.

८ आणि २२ हे दोन्ही ग्राउंड चिपच्या पोटाखालून जाड, सरळ वायरने जोडा. रिलेच्या ट्रान्झिस्टरचा ग्राउंड या वायरवर आणू नका. ५ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची असते आणि ७० मिलिअँपिअर ओढते. हा प्रवाह चिपच्या ग्राउंडमधून गेला तर प्रत्येक खटक्याला चिपचा ग्राउंडच वरखाली होईल. त्याला ७८०५ च्या ग्राउंड पायापर्यंत वेगळी वायर द्या, आणि १एन४००७ डायोड रिलेच्या कॉइलवरच उलटा लावा.

तयार पीसीबी बनवून घेणार असाल आणि ३२ पायांची चौकोनी चिप वापरणार असाल, तर तिथे ४ आणि ६ असे दोन व्हीसीसी आहेत आणि ग्राउंड ३ व ५ वर आहेत. प्रत्येक व्हीसीसीला वेगळा कपॅसिटर द्या. दोन जागांचं काम एकाने भागत नाही.

कुठला कपॅसिटर घ्यायचा

जेल रोडच्या दुकानात ‘१०४’ मागितला की १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक मिळतो. त्यात एक्स७आर मागा, ५० व्होल्टचा. स्वस्त वाय५व्ही जातीचा कपॅसिटर तापमानाने फार बदलतो: उणे ३० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात त्याचं कपॅसिटन्स ८२ टक्क्यांपर्यंत घटायची मुभा त्या जातीच्या व्याख्येतच आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या बंद डब्यात हा फरक प्रत्यक्ष भोवतो. पायांवर टाकायचे छोटे चिप कपॅसिटर घेतले, तर त्यांच्यावर काहीच छापलेलं नसतं. वेगवेगळ्या कपॅसिटन्सचे कपॅसिटर एका डबीत मिसळू देऊ नका.

चिपपासून एक-दोन सेंटिमीटरवर १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर हवा. लहान कपॅसिटर रिकामे झाले की तो त्यांना भरतो आणि त्याची जागा तितकी काटेकोर नसते. इथे सिरॅमिक घ्यायचा तर ६.३ व्होल्टचा घेऊ नका. लहान आकारात ५ व्होल्टवर त्याचं कपॅसिटन्स अर्ध्याहून खाली येऊ शकतं. १६ किंवा २५ व्होल्टचा घ्या, किंवा सरळ इलेक्ट्रोलिटिक लावा. रिलेच्या ५ व्होल्टच्या टोकाशी १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक असावा, म्हणजे रिले ओढताना होणारी घसरण तिथेच थांबते.

रिसेट पिन

१ नंबर पाय खाली गेला की चिप रिसेट होते. आत ३० ते ६० किलोओहमचा पुल-अप असतो, म्हणून पाय मोकळा सोडला तरी टेबलावर चिप चालते. पण एवढा मोठा रेझिस्टर या पायाला घट्ट धरून ठेवू शकत नाही. त्यात रिसेटचं बटण डब्याच्या दारावर लावून ४० सेंटिमीटर वायर ओढली, तर ती वायर अँटेना बनते आणि कॉन्टॅक्टरचा प्रत्येक धक्का थेट रिसेटवर येतो. किंमत २ आली असेल तर बहुतेक हेच घडतंय. खात्री करायला ती वायर चिपजवळून कापा आणि पंप चालू-बंद करून बघा.

दुरुस्ती अशी. १ नंबरपासून ५ व्होल्टला १० किलोओहम लावा. १ नंबरपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरड लावा, पायाला लागूनच, आणि त्याचा ग्राउंड ८ नंबर पायाशी जोडा. दोन्ही पायांत साधारण १८ मिलिमीटर अंतर आहे, म्हणून ग्राउंडची वायर सरळ न्या, रिलेकडून वळसा घालून नव्हे. पुल-अप आणि कपॅसिटर मिळून वेळ १० के गुणिले १०० नॅनोफॅरड, म्हणजे १ मिलिसेकंद येतो. मायक्रोसेकंदापेक्षाही छोटे धक्के त्यात विरून जातात.

बटण ठेवायचंच असेल तर बोर्डवर ठेवा आणि त्याच्याशी ३३० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. तो नसेल तर भरलेला कपॅसिटर बटणातून एकदम रिकामा होतो, वायरच्या इंडक्टन्समुळे व्होल्टेज झोके घेतं आणि पाय शून्याखालीही जाऊ शकतो. ३३० ओहम असताना बटण दाबल्यावर पायावर सुमारे ०.२ व्होल्ट राहतात, आणि ते रिसेट व्हायला पुरेसे खाली आहेत.

१एन४१४८ हा एक डायोडही लावा, पट्टीची बाजू ५ व्होल्टकडे आणि दुसरी १ नंबरकडे. एटीमेगाच्या इतर पायांना आतून व्हीसीसीकडे संरक्षक डायोड असतो, पण रिसेटला नसतो. प्रोग्रॅमिंगच्या एका पद्धतीत या पायावर १२ व्होल्ट द्यावे लागतात, म्हणून तो मुद्दाम वगळलेला आहे. बाहेरचा डायोड ही उणीव भरतो. शिवाय वीज क्षणभर गेली तर तोच रिसेटचा कपॅसिटर लवकर रिकामा करतो. ती १२ व्होल्टची पद्धत वापरणार असाल, तर डायोड लावू नका.

कपॅसिटर मोठा करण्याचा मोह टाळा. १० मायक्रोफॅरड टाकला तर वेळ १०० मिलिसेकंद होतो आणि आयएसपी प्रोग्रॅमरला चिप सापडेनाशी होते. डीबगवायर वापरायचं असेल तर या पायावर कपॅसिटर अजिबात चालत नाही. यूएसबी-सिरियलच्या डीटीआर लाइनवरून १०० नॅनोफॅरडमधून आपोआप रिसेट देत असाल, तर आणखी एक गोम आहे. ग्राउंडलाही १०० नॅनोफॅरडच असला, तर दोन कपॅसिटर ५ व्होल्टचा धक्का अर्धा-अर्धा वाटून घेतात, पाय २.५ व्होल्टपर्यंतच उतरतो आणि रिसेट होत नाही. अशा बोर्डवर ग्राउंडकडचा कपॅसिटर ४.७ नॅनोफॅरडचा ठेवा, म्हणजे पाय सुमारे ०.२ व्होल्टपर्यंत जातो.

पुरवठा हळूहळू घसरला तर

रेझिस्टर आणि कपॅसिटरचं हे रिसेट सर्किट व्होल्टेज मोजत नाही. पंप सुरू होताना लाइन दबली आणि ५ व्होल्टचे हळूहळू ३.५ झाले, तर रिसेट पायही त्यांच्याबरोबर खाली येतो आणि चिपला काहीच कळत नाही. १६ मेगाहर्ट्झला या चिपला सुमारे ३.८ व्होल्ट लागतात. त्याखाली ती चुकीच्या सूचना चालवू शकते आणि ईईप्रॉममध्ये जपलेल्या पातळीच्या किमतीही बिघडवू शकते.

यासाठी आतला ब्राउन-आउट डिटेक्टर ४.३ व्होल्टवर लावा:

```
avrdude -c usbasp -p m328p -U efuse:w:0xFC:m
```

`0xFD` ने तो २.७ व्होल्टवर लागतो. ८ मेगाहर्ट्झला ते चालतं, १६ ला नाही.

आता MCUSR मध्ये वारंवार ४ दिसू लागलं, तर डिटेक्टर आपलं काम करतोय आणि पुरवठा कमी पडतोय. ७८०५ ला आत किमान ७ व्होल्ट लागतात. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि १००० मायक्रोफॅरड धरला, तर २३० व्होल्टच्या लाइनवर कपॅसिटरवर शिखर ११.३ व्होल्टच्या आसपास येतं, आणि १०० मिलिअँपिअर भाराला १ व्होल्टची तरंग वजा केली की १०.३ उरतात. लाइन १८० वर आली तर साडेसात उरतात, १६० वर साडेसहाही नाहीत. पंप सुरू होताना तुमच्या घरात लाइन कितीवर उतरते ते आधी मल्टिमीटरने बघा. ती १६० च्या जवळ जात असेल, तर १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि ७८०५ ला हीटसिंक द्या.

धक्का जिथे तयार होतो तिथेही अडवा

चिपभोवतीचं काम झाल्यावर कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर, म्हणजे ए१ आणि ए२ टोकांवर, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये करून लावा. कपॅसिटर एक्स२ जातीचा, २७५ व्होल्ट एसीचाच हवा, साधा चालणार नाही. ही जोडी रिलेच्या पॉइंटवर लावू नका. तिथे ती रिले उघडा असतानाही सुमारे ७ मिलिअँपिअर जाऊ देते आणि छोटा कॉन्टॅक्टर त्यावर गुणगुणत राहू शकतो. हे काम एमसीबी पाडून आणि टेस्टरने खात्री करूनच करा.

तपासणी

मल्टिमीटरवर यातलं काही दिसत नाही, तो फार संथ असतो. ऑसिलोस्कोप मिळाला तर प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढा, छोटी स्प्रिंग लावा आणि टोक ७ वर, स्प्रिंग ८ वर टेकवा. मग कॉन्टॅक्टर चालू-बंद करा. मोजण्याआधी एक पडताळणी जरूर करा: टोक आणि स्प्रिंग दोन्ही ८ नंबरवरच टेकवून कॉन्टॅक्टर सोडा. या वेळी पडद्यावर जे काही उसळेल ते प्रोबने हवेतून पकडलेलं आहे, चिपवर आलेलं नाही. पुढच्या मोजणीतून तेवढं वजा धरा.

स्कोप नसेल तर `karan` च्या प्रत्येक किमतीची वेगळी मोजणी ईईप्रॉममध्ये ठेवा आणि पंप काही दिवस नेहमीसारखा चालू द्या. २ ची मोजणी थांबली पण बोर्ड अजून अधूनमधून गोठत असेल, तर उरलेली वाट गच्चीवरच्या टाकीपासून येणाऱ्या सेन्सरच्या लांब वायरींची असते. अशा प्रत्येक वायरीवर, चिपच्या पायाजवळ, १ किलोओहम सिरीजमध्ये आणि पायापासून ग्राउंडला १० नॅनोफॅरड द्या, आणि त्या वायरी कॉन्टॅक्टरच्या वायरींसोबत एकाच पाइपातून आणू नका.